सोमवारची गोळी

शाळेच्या सभागृहात शिरताना विनयाचं पाऊल अडखळलं, पण ते भाषणाच्या भीतीने नव्हे. वाढत्या वयातली मुलं, त्यांचे मोबाइल, त्यांची झोप आणि त्यांचं उडालेलं लक्ष, या विषयावर ती झोपेतून उठवलं तरी तासभर बोलली असती. चंदीगडच्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत, मानसोपचार विभागात, तिची ओपीडीच मुळी असल्या मुलांची. पाऊल अडखळलं ते दाराशी उभ्या असलेल्या मुलीला पाहून. गळ्यात व्हॉलंटिअरची पट्टी, हातात बिनतारी माइक, आणि शेजारच्या सेक्टरमधली कुणी बाई आल्यासारखी कोरडी नजर. ती विनयाची स्वतःची मुलगी होती, स्वराली. तिने "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं आणि बाजूला झाली.

स्वराली अकरावीत, मेडिकलला. इकडे सायन्समध्ये जीवशास्त्र घेतलं की त्याला मेडिकल म्हणतात आणि गणित घेतलं की नॉन-मेडिकल. त्यामुळे पोर अकरावीच्या वर्गात बसलं रे बसलं की घरचे त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप दिसायला लागल्यासारखे वागतात. विनयाच्या घरी तर आई खरीच डॉक्टर, मग काय विचारता.

सोमवारपासून स्वरालीला लक्ष टिकवण्याची गोळी सुरू व्हायची होती. गोळ्यांची पट्टी विनयाच्या पर्समध्ये होती. मी घेणार नाही, असं स्वरालीने एकदाच सांगितलं होतं, आणि त्यानंतर आठवडाभर आईशी कामापुरतंच बोलली होती. विनयाला वाटत होतं, होईल सगळं ठीक. रात्री अंथरुणात पडल्यावर मात्र तिला तसं वाटत नसे. आपण पोरीला गमावतोय, असं सरळसरळ वाटे.

झालं होतं असं. जुलैत शाळा उघडली आणि महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. मुलगी बाकावर डोकं ठेवते, प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहिते, प्रॅक्टिकलची वही घरी विसरते, हाक मारली तर दुसऱ्यांदा ऐकते. घटक चाचणीत मार्क धाडकन खाली आले. दिगंबर, म्हणजे स्वरालीचे बाबा, लेखापरीक्षण खात्यात. महिन्यातले निम्मे दिवस हिमाचलात नाहीतर हरियाणात दौऱ्यावर. त्यांनी फोनवरून निकाल दिला, "हे तुझ्या खात्यातलं आहे, तूच बघ."

विनयाने बघितलं. पहिल्यांदा तिने मोबाइल काढून घेतला. रात्री दहा वाजले की तो आईच्या कपाटात. स्वरालीने आदळआपट केली नाही, नुसती बघत राहिली. पंधरा दिवसांत काडीचा फरक पडला नाही, उलट पोर आणखीच सुतकी दिसायला लागली. मग विनयाने दुसरी गोष्ट केली आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

तिच्याच विभागात डॉक्टर हृषीकेश होते, मूळचे नाशिकचे, माणूस अतिशय सावध. बाहेरच्या कुठल्याही मुलाला ते तीन-तीनदा बोलावल्याशिवाय निदान सांगत नसत. पण सहकाऱ्याच्या मुलीला कोण रांगेत बसवतं? दोन वॉर्डांच्या मधल्या बोळात, हातात चहाचे कागदी कप घेऊन, पंधरा मिनिटांत निदान आणि गोळीची चिठ्ठी, सगळं उरकलं. वर्गशिक्षिकेने प्रश्नावली भरून दिली होतीच. हृषीकेशांनी विचारलं की हे लहानपणापासून होतं का, बारा वर्षांच्या आधी? हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण लक्ष न टिकण्याचा हा आजार अकरावीत अचानक उगवत नाही. विनया म्हणाली, थोडं होतंच. पाण्याच्या बाटल्या हरवायची. झोपेचं विचारलं तर ती म्हणाली, फोन दहालाच बंद असतो. दोन्ही उत्तरं खोटी नव्हती आणि दोन्ही खरीही नव्हती. हृषीकेशांना वाटलं, ही तर स्वतःच यातली जाणती, हिने बाकीचं तपासलं असणारच. विनयाला वाटलं, हृषीकेश काही राहिलं असतं तर बोलले असते. डॉक्टरांच्या मुलांचं असं होतं. सगळे एकमेकांवर भरवसा ठेवतात आणि मुलाला कुणीच तपासत नाही.

भाषणाआधी प्रिन्सिपल वालिया मॅडमनी तिला आपल्या खोलीत चहा पाजला. बाई गोड, पण गोडव्याच्या आत पक्की गाठ. शाळेचा विचार असा होता की भाषणानंतर सगळ्या पालकांकडून शपथ घ्यायची, रात्री मुलांच्या हाती मोबाइल देणार नाही म्हणून. डॉक्टरनेच सांगितल्यावर कोण नाही म्हणणार. मग बशीत बिस्किट ठेवत त्यांनी हळूच पुढचं सांगितलं. फक्त फोनवरच बोला. शाळेची वेळ, होमवर्क, कोचिंग, या भानगडीत शिरू नका. आजचा कार्यक्रमच कोचिंगवाल्यांच्या मदतीने होतोय, आणि निम्म्याहून जास्त मुलं तिथेच जातात. आपकी बेटी भी तो जाती है ना, असंही त्या हसून म्हणाल्या.

जात होतीच. सेक्टर ३४ मधल्या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या त्या क्लासात विनयानेच तिला घातलं होतं. स्टेजच्या मागे त्याच क्लासचा लांबलचक बॅनर लावला होता. गेल्या वर्षी निवडल्या गेलेल्या मुलांचे पासपोर्ट फोटो ओळीने, आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं. बॅनर छापणाऱ्याला तेवढं पुसायचं सुचलं नव्हतं.

सभागृह भरलं. मोहालीहून, खरडहून, पंचकुल्याहून, अशा आसपासच्या गावांतून माणसं आली होती. पहिली पाच मिनिटं समोशांच्या खोक्यांची खुडबूड चालली. विनयाने हिंदीत सुरुवात केली. तिची हिंदी सांगलीची, पण इतक्या वर्षांत पंजाबी लोकांनी ती गोड मानून घेतली होती. तिने पहिल्याच फटक्यात विचारलं, काल रात्री स्वतःचा मोबाइल उशाशी घेऊन कोण कोण झोपलं? आधी कुणीच हात वर करेना, मग एका सरदारजींनी केला, मग हास्याची लाट आली आणि निम्मं सभागृह कबूल झालं.

मग ती रंगली. तिने सांगितलं की या वयात शरीराचं घड्याळच मागे सरकतं. झोपेची हाक देणारं द्रव्य मोठ्या माणसापेक्षा तास-दोन तास उशिरा तयार होतं, म्हणून पोरगं दहाला झोपत नाही ते दर वेळी मस्तीनं नव्हे. झोप मात्र त्याला आपल्याहून जास्त लागते, आठ ते दहा तास. मोबाइलच्या उजेडाचा त्रास होतो, पण उजेडापेक्षा जास्त त्रास होतो तो आत जे चाललंय त्याचा. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू, मित्राचा निरोप आला की उत्तर द्यायची धाकधूक. त्यात वेळ जातो आणि डोकं जागं राहतं. म्हणून फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर, मुलांचा आणि आईबापांचाही. रविवारी दुपारपर्यंत झोपून आठवड्याची भरपाई केली तर सोमवारी शरीराला वेगळ्याच देशात उतरल्यासारखं होतं. झोप कमी पडली की पहिला बळी लक्षाचा जातो.

लोक मान डोलवत होते. वालिया मॅडम पहिल्या रांगेत समाधानाने बसल्या होत्या. स्वराली भिंतीला टेकून, माइक दोन्ही हातांत धरून उभी होती. विनया तिच्याकडे बघायचं टाळत होती.

प्रश्नांना सुरुवात झाली. स्वराली हात वर होईल तिकडे माइक नेऊन द्यायची. एका आईने चष्म्याचं विचारलं, एकीने दुधात हळद घालावी का ते विचारलं. मग खरडहून आलेले सोढी म्हणून एक गृहस्थ उठले, दुकानदार, बोलायला जरा लाजणारे. त्यांचा मुलगा स्वरालीच्याच वर्गात. रात्री एकला झोपतो, पहाटे साडेपाचला उठवावा लागतो, कारण शाळेला बसने लांब यावं लागतं. शाळेतून क्लास, क्लासातून घर. आता शिक्षक म्हणतात त्याचं लक्ष लागत नाही, तपासून घ्या, ती जी नवी बिमारी निघाली आहे ती असेल. तर डॉक्टर साहब, गोळी चालू करू का?

विनयाचं उत्तर तयार होतं. ओपीडीत ती ते रोज देत असे. तिने ठणकावून सांगितलं की अजिबात नाही, आधी मुलाला झोपू द्या. "थका हुआ दिमाग और ध्यान की बीमारी, बाहर से बिल्कुल एक जैसे दिखते हैं," ती म्हणाली. तो विसरेल, चुका करेल, हाक ऐकणार नाही, चिडेल. दोन-तीन आठवडे पुरी झोप मिळाल्यावरही तसंच राहिलं, आणि लहानपणापासून घरी-शाळेत दोन्हीकडे तसंच होतं असं दिसलं, तर मग तपासायचं. ज्यांना खरोखर तो आजार आहे त्यांना गोळीने फार फायदा होतो, पण झोपेची भूक गोळीने भागवायची नाही. जो डॉक्टर झोपेची नीट चौकशी न करता निदान करील त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, असंही ती जोरात बोलून गेली. टाळ्या पडल्या.

टाळ्या अजून पडत होत्या. आपण काय बोललो ते तिला आपल्याच तोंडून ऐकू आलं होतं. बारा वर्षांच्या आधीची स्वराली तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, सांगलीला मामाच्या घरी फरशीवर पालथी पडून हजार तुकड्यांचं कोडं दोन दिवस एकटीने जुळवत बसलेली, जेवायला हाक मारली तर रागावणारी. बाटल्या हरवायची, हो. बाटल्या सगळ्याच मुलांच्या हरवतात.

सोढींनी माइक परत दिला. आणखी दोन-तीन हात वर होते. स्वराली त्यांच्याकडे गेली नाही. ती मधल्या वाटेत जिथे होती तिथेच थांबली आणि तिने माइक स्वतःच्या तोंडाशी नेला.

"मॅम, एक सवाल मेरा भी है," ती म्हणाली.

आवाज स्पीकरमधून सगळीकडे गेला. वालिया मॅडमनी मान वळवली. ही डॉक्टरची मुलगी आहे हे त्यांना आणि शिक्षकांना ठाऊक होतं, बाकी सभागृहाला नव्हतं. विनयाने टेबलाची कड धरली.

स्वरालीने एका मुलीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. मुलगी साडेतीन ते आठ क्लासला असते. घरी येऊन जेवून शाळेचा गृहपाठ, मग क्लासचे पेपर, बारा-साडेबारा वाजतात. सकाळी पावणेसहाला उठते. आधी ती रात्री अर्धा तास मोबाइल बघायची. मग तो काढून घेतला गेला. आता ती काळोखात छताकडे बघत पडून राहते आणि झोप यायची तेव्हाच येते.

"पूरे दिन में वो आधा घंटा ही उसका था, मॅम. बाकी सब किसी और का था. अब उसको बोला गया है कि उसको बीमारी है, सोमवार से गोली खानी है. आपने अभी बोला, बिना नींद पूछे जो डॉक्टर बताए उसके पास मत जाओ. तो वो लड़की किसके पास जाए?"

वालिया मॅडम उठून स्टेजकडे निघाल्या, वेळ झाली, आता शपथ घेऊ या, असं काहीसं म्हणत. विनयाला निसटायला ती एक फट होती. थँक यू बेटा, बाद में बात करेंगे, एवढं म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. ती तसं म्हणणारही होती. मग तिने पोरीच्या माइक धरलेल्या हाताची पांढरी झालेली बोटं पाहिली आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

तिने हाताने वालिया मॅडमना थांबवलं. त्या मुलीला मी ओळखते, ती म्हणाली. ती माझी मुलगी आहे. विनया सांगत गेली, एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. झोपेची चौकशी मी केली नाही. बाहेरच्या प्रत्येक मुलाची करते, घरच्या मुलीची केली नाही, कारण तिच्या झोपेच्या आड मी लावलेला क्लास येत होता आणि तो मला बघायचा नव्हता. फोन काढून घेणं सोपं होतं, म्हणून फोन काढून घेतला. सहकाऱ्याला मी अर्धवट माहिती दिली, त्याचा दोष नाही. मग ती स्वरालीकडे बघून म्हणाली, "गोली नहीं देंगे. गलती मेरी है."

स्वरालीने माइक खाली घेतला, परत वर केला. "तो क्या हटेगा, मॅम? फोन, या क्लास?"

मागच्या बॅनरवरची सगळी पोरं विनयाच्या पाठीला खुपत होती. समोर तीनशे आईबाप होते, आणि त्यांच्यातला प्रत्येकजण आपल्याच घराबद्दल विचारल्यासारखा ताठ बसला होता. विनयाला ठाऊक होतं, हो म्हटलं की मेडिकलची सीट हातातून सुटण्याची शक्यता आहे. दिगंबरना तोंड द्यावं लागेल. सांगलीला सासरी-माहेरी सांगावं लागेल. पोरीलाच डॉक्टर व्हायचं आहे की नाही, हे आपण शेवटचं कधी विचारलं, हेही तिला आठवेना.

"क्लास," ती म्हणाली.

त्यानंतर सभा विस्कटलीच. शपथ झाली नाही. एक आई मोठ्याने म्हणाली की डॉक्टर लोकांना परवडतं, आमच्या मुलांनी काय करायचं. दुसऱ्या कुणीतरी पंजाबीत तिला गप्प केलं आणि मग शाळेचा होमवर्क मोबाइलवर रात्री का येतो यावरून शिक्षकांशी जुंपली. सोढी गर्दीतून वाट काढत आले आणि हात जोडून गेले. वालिया मॅडमनी निरोप देताना हसणं सोडलं नाही, पण पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही हे त्या हसण्यात स्पष्ट होतं. विनयाला त्याचं काही वाटलं नाही. तिचे डोळे पार्किंगकडे लागले होते.

स्वराली गाडीपाशी उभी होती. मागच्या सीटवरची क्लासची बॅग तिने काढून मांडीवर घेतली आणि पट्टा लावून समोर बघत बसली. गाडी शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "चौंतीस में छोड़ दो, आई. शनिवार का टेस्ट है. डेढ़ बजे गेट बंद कर देते हैं."

विनयाने विचारलं की आत्ताच तर ठरलं ना, क्लास बंद म्हणून.

"वो तो लोगों के सामने था."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असं असतंच, आईबाप लोकांसमोर बोलतात एक, गाडीत बसलं की पुन्हा टेस्ट असते, हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. सभागृहात सगळ्यांदेखत अब्रू गेली तेव्हा विनयाला इतकं लागलं नव्हतं. पोरीने विश्वास ठेवला नाही याचं नव्हे, तर तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं याचं लागलं.

गोल चौक आला. डावीकडे सेक्टर ३४. विनयाने वळसा पुरा घेतला आणि गाडी घराच्या रस्त्याला लावली. स्वरालीने मान वळवून मागे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि बॅगेचा पट्टा जरा सैल सोडला.

"और परसों?" तिने विचारलं.

"परवाही नाही," विनया म्हणाली. "डॉक्टर व्हायचं की नाही ते तू ठरव. व्हायचं असलं तर झोपून उठून अभ्यास कसा करायचा ते दोघी मिळून बघू. नसलं तरी मी आहे."

"पापा को कौन बताएगा?"

"मी सांगेन. आज संध्याकाळीच सांगेन."

पुढच्या सिग्नलपर्यंत स्वरालीचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं. संस्थेच्या क्वार्टर्सपाशी पोचेपर्यंत ती गाढ झोपली, तोंड जरासं उघडं, बॅग अजून मांडीवर.

विनयाने गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली आणि एसी चालू ठेवला. उठवायचं तिच्या जिवावर आलं. ती नुसती बघत बसली. किती थकली होती पोर, केव्हापासून थकली होती. इतरांच्या मुलांच्या झोपेवर तिने इतकी वर्षं शहाणपण सांगितलं होतं, आणि आपली मुलगी झोपेत कशी दिसते हे ती आज पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होती. शेजारचे कुणी जाता जाता काचेवर वाकले, तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना पुढे जायला सांगितलं.